डोहातले कागद

देहूला इंद्रायणीच्या डोहात तुकोबांच्या अभंगांच्या वह्या बुडाल्या आणि तेरा दिवसांनी त्या सुखरूप हाती आल्या, ही गोष्ट महाराष्ट्रात कुणाला सांगावी लागत नाही. ती कोणत्या कागदांवरून आपल्यापर्यंत आली, हे मात्र सांगावे लागते. धर्माच्या तत्त्वज्ञानाच्या वर्गात चमत्काराचा विषय निघाला की चर्चा बहुधा हवेत चालते. निसर्गाचा नियम मोडू शकतो का, देव मध्ये पडतो का, असे मोठमोठे प्रश्न येतात आणि तासाची घंटा होते. त्या वर्गासाठी हा संवाद लिहिताना म्हणून मी एक अट घातली. विद्यार्थी दोन, चमत्कार एक. पुरावा पुढे ठेवण्याआधी तो कुणाचा, कधीचा आणि सांगणाऱ्याने स्वतः काय पाहिले, हे सांगायचे.

विद्यार्थिनी वारकऱ्याच्या घरातली आहे. चमत्कारावर तिचा विश्वास आहे, पण कीर्तनात ऐकलेले सगळे ती पुरावा मानत नाही. विद्यार्थी संशयी आहे; त्याला साक्षीदाराची उलटतपासणी करायला आवडते. ही दोघे माझ्या कल्पनेतली आहेत, कागद मात्र खरे आहेत.

पहिला डाव त्याचा. तो सर्वांत भरगच्च वर्णनापासून सुरुवात करतो, म्हणजे महिपतींपासून. ताहराबादच्या महिपतींनी ‘भक्तविजय’ शके १६८४ मध्ये, म्हणजे १७६२ साली पूर्ण केला आणि ‘भक्तलीलामृत’ शके १६९६ मध्ये, म्हणजे १७७४ साली. आज आपल्या डोक्यात जी गोष्ट आहे ती जवळजवळ सगळी तिथली. वाघोलीचे विद्वान ब्राह्मण रामेश्वरभट्ट तुकोबांच्या कवित्वाला हरकत घेतात, कारण शूद्राच्या तोंडून वेदांचा अर्थ बाहेर पडतो आहे. वह्या पाण्यात टाकण्याची आज्ञा होते. वह्या दगड बांधून डोहात जातात. तुकोबा देवळापुढच्या शिळेवर अन्नपाणी सोडून बसतात. तेरा दिवसांनंतर देव बालरूपाने भेटतो, गावकऱ्यांना दृष्टांत होतो आणि वह्या पाण्यावर तरंगताना दिसतात. इकडे अनगडशहा फकिराच्या शापाने रामेश्वरभट्टांच्या अंगाचा दाह होतो आणि तो शेवटी तुकोबांच्या अभंगाने शमतो.

तो म्हणतो, “तुकोबांचे निर्याण शके १५७१ च्या फाल्गुनातले, म्हणजे मार्च १६५० चे धरले, तरी ‘भक्तविजय’ त्यानंतर एकशे बारा वर्षांनी लिहिला गेला. वह्यांचा प्रसंग त्याहूनही आधीचा. महिपतींनी काहीच पाहिलेले नाही. ज्यांनी पाहिले असेल त्यांची नातवंडेही तोवर म्हातारी झाली असतील.”

“मान्य. पण महिपतींनी गोष्ट रचली असे तर तू म्हणत नाहीस ना? त्यांच्यापुढे परंपरा होती. आधीच्या संतचरित्रकारांची नावेही ते घेतात.”

“रचली असे म्हणत नाही. साक्षीदार म्हणून त्यांना उभे करता येणार नाही, एवढेच म्हणतो. वह्या तरंगताना कुणीतरी पाहिल्या, असे १७६२ साली लोक सांगत होते. हा पुरावा १७६२ चा झाला.”

इथे ती अडत नाही, आणि ते बरोबरच आहे. महिपतींचा ग्रंथ बाजूला ठेवल्याने गोष्ट खोटी ठरत नाही. आपण फक्त शंभर वर्षे मागे जायला मोकळे होतो. तो मात्र याच ठिकाणी वर्गात शिकवलेला नियम काढतो. स्कॉटलंडच्या डेव्हिड ह्यूमने १७४८ साली छापलेल्या निबंधात चमत्काराच्या साक्षीसाठी एक तराजू दिला आहे. साक्ष खोटी असणे हे त्या चमत्कारापेक्षाही अधिक अशक्य वाटेल, तेव्हाच ती साक्ष मानावी. माणसे चुकतात, फसतात, भारावून जातात, हे आपण रोज पाहतो. दगड बांधलेले कागद वर आलेले कुणी रोज पाहत नाही. त्यामुळे पारडे कुठे झुकणार हे जवळजवळ आधीच ठरलेले असते.

हा युक्तिवाद ह्यूमला सुचला तोही एका संवादात, हे वर्गात सहसा सांगितले जात नाही. १७६२ साली जॉर्ज कॅम्बेल या पाद्र्याला लिहिलेल्या पत्रात त्याने ती हकीकत दिली आहे. तरुणपणी फ्रान्समध्ये ला फ्लेश इथे जेझुइटांच्या कॉलेजच्या ओवरीत तो एका विद्वान जेझुइटाबरोबर फेऱ्या मारत होता. जेझुइट त्यांच्या मठात नुकत्याच घडलेल्या चमत्काराची महती सांगत होता आणि त्याला उत्तर देता देता ह्यूमला हा तराजू सापडला. जेझुइट आधी गडबडला, मग म्हणाला की हा युक्तिवाद पक्का असूच शकत नाही, कारण तो आमच्या चमत्कारांइतकाच शुभवर्तमानातल्या चमत्कारांनाही लागू पडेल. तो जेझुइट कोण आणि चमत्कार कोणता, हे ह्यूमने लिहिलेले नाही. शिवाय पत्र घटनेनंतर पंचवीसेक वर्षांनी लिहिलेले. म्हणजे चमत्काराच्या साक्षीवरचा हा प्रसिद्ध युक्तिवाद कसा जन्मला, यालाही एकच साक्षीदार आहे, तोही पक्षकार आणि तोही आठवणीतून सांगणारा. विद्यार्थिनी ही संधी सोडत नाही.

“ही हकीकत तू मानतोस ना?”

“मानतो. त्यात अशक्य असे काही नाही.”

“म्हणजे साक्षीदाराची तपासणी तू करतच नाहीस. गोष्ट शक्य वाटली की एक साक्ष पुरते, अशक्य वाटली की शंभरही कमी पडतात. मग कागद कशाला काढायचे?”

तो थोडा विचार करून उत्तर देतो, “कारण कागदांत नेमका कोणता दावा आहे, हेच अजून आपल्याला माहीत नाही. आपण महिपतींच्या दाव्यावर भांडतो आहोत. आधीच्या माणसांनी तोच दावा केला होता का, ते तरी पाहू.”

माझ्या मते संवाद इथे खरा सुरू होतो.

महिपतींच्या मागे गेले की पहिली ठाम व्यक्ती भेटते ती बहिणाबाई. तिचा जन्म १६२८ चा आणि निधन १७०० चे. तिने स्वतःचे चरित्र अभंगांत सांगितले आहे. सतराव्या शतकातल्या मराठी बाईचे असे आत्मकथन दुर्मीळच. कोल्हापुरात असताना जयरामस्वामींच्या कीर्तनांतून तुकोबांची पदे तिच्या कानी पडली, त्यांचा ध्यास लागला, शके १५६९ मध्ये स्वप्नात त्यांचा अनुग्रह झाला आणि पुढे ती कुटुंबासह देहूला येऊन राहिली. तुकोबा तेव्हा हयात होते. त्या ओढीचे वर्णन करताना ती वह्यांचा उल्लेख करते: तेरा दिवस वह्या पाण्यात राहिल्या आणि वाचल्या. दोन-चार शब्दांत विषय संपतो. दगड नाहीत, गावकऱ्यांचा दृष्टांत नाही, तरंगणे नाही.

“ही समकालीन बाई आहे,” ती म्हणते, “आणि देहूत राहिलेली. तुझी एकशे बारा वर्षे गेली.”

“गेली. पण तिने पाहिले का? ती देहूत आली तेव्हा प्रसंग होऊन गेला होता. तिने ऐकले ते कोल्हापुरात, भक्तांच्या मेळ्यात. आणि लिहिले त्यानंतर कधीतरी, तुकोबा तिचे गुरू झाल्यावर.”

दोघांचेही म्हणणे बरोबर आहे. बहिणाबाईमुळे एवढे बऱ्यापैकी खात्रीने म्हणता येते की तेरा दिवसांची गोष्ट तुकोबांना ओळखणाऱ्या पिढीतच, देहूपासून दूरपर्यंत, सांगितली जात होती. ती अठराव्या शतकाची निर्मिती नाही. मात्र बहिणाबाईची साक्ष ऐकीव आहे.

तिच्याच आत्मकथनात आणखी एक जागा आहे. चमत्काराशी तिचा थेट संबंध नसल्यामुळेच मला ती अधिक मोलाची वाटते. देहूचे मंबाजी गोसावी तुकोबांचा आणि बहिणाबाईच्या कुटुंबाचा द्वेष करत. त्यांनी पुण्याच्या आपाजी गोसाव्यांना तक्रारीचे पत्र लिहिले असे ती सांगते. शूद्र असून तुका कथा करतो, ब्राह्मण त्याच्या पाया पडतात, आणि रामेश्वरभट्टासारखा विद्वानही त्याला नमस्कार करतो, असा त्या तक्रारीचा रोख. मूळ पत्र आपल्यापुढे नाही, बहिणाबाईने दिलेला मजकूर आहे. तरी वाघोलीचा विरोधक तुकोबांच्या पायाशी आला हे इथे भक्ताने फुशारकीने सांगितलेले नाही. शत्रूची चिडचिड म्हणून ते येते. वह्यांचे काय झाले ते असो, रामेश्वरभट्ट बदलले, हे पक्के धरायला हरकत नाही.

मग रामेश्वरभट्टांनाच विचारायला हवे. त्यांच्या नावाची तुकोबांची आरती आजही देवळोदेवळी म्हटली जाते. त्यांच्या नावाचे अभंगही गाथ्याच्या छापील प्रतींत तुकोबांच्या अभंगांबरोबर येतात. आरतीत रामाने समुद्रात पाषाण तारले त्या प्रसंगाशी तुलना करून ते म्हणतात, तसे तुकोबांचे अभंग पाण्यात राखले गेले. आणि म्हणून आपण चरणी मस्तक ठेवले.

ती म्हणते, “आता सांग. ज्याने विरोध केला तोच हे कबूल करतो. ह्यूमची तक्रार अशी असते की साक्षीदाराला चमत्कार खरा ठरण्यात स्वार्थ असतो. रामेश्वरभट्टांचा स्वार्थ नेमका उलट बाजूला होता.”

“त्यांनी हे लिहिले तेव्हा नव्हता. विरोधकाची साक्ष भारी असते ती तो विरोधक असेपर्यंत. आरती लिहिणारा माणूस शिष्य झालेला आहे. शिवाय महिपतींचीच गोष्ट धरलीस तर वह्या निघाल्या तेव्हा रामेश्वरभट्ट देहूत नव्हतेच; दाह घेऊन आळंदीला होते. त्यांनी डोह पाहिला नाही.”

“महिपती आता चालतात का तुला?”

या टोल्याला त्याच्याकडे उत्तर नाही. महिपतींना साक्षीदारांच्या पिंजऱ्यातून आपण हाकलले ते दोन्ही पक्षांसाठी. रामेश्वरभट्ट त्या दिवशी कुठे होते हे आपल्याला समकालीन पुराव्यावरून कळत नाही. एक मात्र खरे, की आरतीत ते स्वतः पाहिल्याचे म्हणत नाहीत. आणखी एक अडचण दोघांपैकी कुणी काढली नाही, ती मी काढतो. रामेश्वरभट्टांची रचना आपल्यापर्यंत वारकऱ्यांच्या वह्यांतून आली. विरोधाच्या काळात त्यांनी काही लिहिले असेल, तर ते जपून ठेवण्याचे त्या वह्यांना काही कारण नव्हते.

आता उरतात स्वतः तुकोबा. इथे दोन वेगळे पुरावे आहेत आणि ते एकमेकांशेजारी ठेवल्याशिवाय कळत नाहीत.

पहिला त्यांचा प्रसिद्ध आत्मपर अभंग. संतांनी विचारले म्हणून सांगतो, अशा संकोचाने ते आपली हकीकत देतात: जात, व्यापार, आईबापांचे जाणे, दुष्काळात अन्नावाचून मेलेली बायको, देवळाची डागडुजी, कीर्तनाची गोडी, मग कवित्वाची स्फूर्ती. त्यानंतर निषेधाचा आघात झाला, मन दुखावले, वह्या बुडवल्या, धरणे धरले, नारायणाने समाधान केले. आणि हकीकत पुढे सरकते. वह्या परत मिळाल्या असा शब्दही तिथे नाही.

साहजिकच तो हरखतो. “बघ. स्वतःच्या आयुष्याचा हिशेब मांडताना माणूस एवढी मोठी गोष्ट गाळेल? बुडवल्या म्हणतो, धरणे म्हणतो, समाधान म्हणतो. समाधान मनाचे असते, कागदांचे नाही.”

ती घाई करत नाही. गाथ्यात धरण्याच्या प्रसंगाचे अभंग एकत्र दिलेले असतात आणि त्यांच्या शेवटी प्रसंगानंतरचे म्हणून काही अभंग येतात. त्यांतले तीन ती काढते. एकात तुकोबा म्हणतात की देव बालवेशात जवळ आला, आलिंगन दिले, मन निवले. दुसऱ्यात देवाला उद्देशून कबुली आहे: मी मोठा अन्याय केला, तुझा अंत पाहिला, तहानभूक सोडून तेरा दिवस डोळे मिटून बसलो, तू पाण्यात कागद राखलेस आणि लोकापवाद टाळलास. तिसऱ्यात ते म्हणतात की देव दोन्ही ठिकाणी उभा होता, माझ्यापाशी आणि डोहात, आणि कुठेही धक्का लागू दिला नाही.

“कागद राखले, असे ते स्वतः म्हणतात,” ती म्हणते. “शंभर वर्षांनी कुणी म्हटलेले नाही. तेरा हा आकडाही त्यांचाच. बालरूपसुद्धा महिपतींनी घातलेले नाही.”

आता संशय घेणाऱ्याला जे जे म्हणता येते ते तो म्हणतो, आणि आपणही ऐकले पाहिजे. त्या अभंगांवरचे प्रसंगाचे मथळे तुकोबांचे नाहीत, संग्रह करणाऱ्यांचे आहेत. कोणता अभंग केव्हा रचला याची तारीख कुठेच नाही. तुकोबांच्या नावावर पुढे भर पडलेली आहे हे सगळेच अभ्यासक मानतात. पण या तीन अभंगांपुरता मला हा संशय फार ताणवत नाही. भर घालणारा माणूस चमत्कार सजवतो. इथे सजावट नाही. उलट केलेल्या गोष्टीची लाज आहे. देवाला राबवल्याबद्दल, लोकांच्या बोलण्यासाठी त्याला वेठीस धरल्याबद्दल हा माणूस स्वतःला अधम म्हणवून घेतो. महिमा वाढवायला बसलेला भक्त आपल्या नायकाच्या तोंडी असे घालील, ही शक्यता मला कमी वाटते. हा अंदाज आहे, सिद्धता नाही.

तो मात्र त्याच अभंगातल्या दुसऱ्या तपशिलावर बोट ठेवतो. “डोळे मिटून बसलो, असे ते म्हणतात. तेरा दिवस. मग पाण्यात काय चालले होते ते त्यांनी पाहिले कसे? सगळ्यांत जवळचा साक्षीदार स्वतःच सांगतो की मी बघत नव्हतो.”

मलाही हा मुद्दा बिनतोड वाटतो, आणि तो तुकोबांच्याच शब्दांतून निघतो. कागद राखले गेले हे त्यांनी नंतर हाती आलेल्या कागदांवरून जाणले असणार. मधल्या तेरा दिवसांबद्दल ते जे सांगतात, म्हणजे देव डोहात उभा होता, ते पाहिलेले नव्हे. झालेल्या परिणामावरून आणि झालेल्या दर्शनावरून काढलेले आहे. प्रश्न मग इतकाच उरतो की कागद हाती आले कसे. पाण्यातून कुणी काढले? किती निघाले, कोणत्या अवस्थेत? तुकोबा सांगत नाहीत, बहिणाबाई सांगत नाही, रामेश्वरभट्टही सांगत नाहीत. एका बाजूला बुडवणे आणि दुसऱ्या बाजूला राखले जाणे एवढीच दोन टोके समकालीन पुराव्यात आहेत. मधली जागा कोरी आहे आणि महिपतींनी भरली ती नेमकी तीच.

ती कोरी जागा आजकाल दुसऱ्याही एका गोष्टीने भरली जाते आणि संशयी विद्यार्थी ती मोठ्या विश्वासाने मांडतो. अभंग लोकांना तोंडपाठ होते. देहूच्या आसपासच्या माणसांनी ते म्हणून दाखवले, लिहून दिले. वह्या बुडाल्या तरी अभंग लोकांच्या मुखी तरले. कडूसचे गंगाराम मवाळ आणि चाकणचे संताजी जगनाडे हे तुकोबांचे टाळकरी आणि लेखक म्हणून परंपरेला माहीत आहेत. त्यांच्याजवळ उतारे असतील.

“सुंदर,” ती म्हणते. “आता अट आठव. हे सांगणारा साक्षीदार कोण, आणि काळ कोणता?”

साक्षीदार नाही. बुडालेले अभंग लोकांनी आठवून पुन्हा लिहून दिले, असे वर पाहिलेल्या तिघांपैकी कुणीच म्हणत नाही. ही गोष्ट अलीकडच्या काळातली आहे. ती संभाव्य आहे, कदाचित सर्वांत संभाव्य आहे, पण पुराव्याच्या दृष्टीने तिची जागा महिपतींच्याही खाली लागते. महिपतींच्या मागे निदान परंपरा होती. शिवाय तुकोबा कागद राखले म्हणतात, अभंग राखले म्हणत नाहीत. त्यांचे शब्द मानायचे तर लोकांच्या तोंडून परत मिळवण्याची गोष्ट त्यांत नीट बसत नाही. संशयी माणसाला सोयीचा खुलासाही त्याच तराजूत तोलावा लागतो. हे तो कबूल करतो, जरा नाखुशीने.

शेवटी उरतात ती खरोखरची पाने. देहूच्या देवळात तुकोबांच्या वंशजांकडे एक हस्तलिखित जपलेले आहे. ते तुकोबांच्या हातचे आहे अशी श्रद्धा आहे आणि त्याला भिजकी वही म्हणतात. दिलीप चित्रे यांनी विसाव्या शतकाच्या अखेरीस नोंदवले आहे की त्यात आता अडीचशेच्या आसपास अभंग उरले आहेत. शतकाच्या आरंभी ते सातशेच्या घरात होते. म्हणजे डोहातून वाचलेली समजली जाणारी पाने कोरड्या जमिनीवर गहाळ झाली. सरकारी मदतीने १८६९ आणि १८७३ साली इंदुप्रकाश छापखान्यात निघालेल्या गाथ्यात साडेचार हजारांहून अधिक अभंग आहेत. त्यासाठी संपादकांनी देहू, तळेगाव, पंढरपूर आणि कडूस इथली हस्तलिखिते पाहिली होती. जगनाड्यांच्या वहीवरून वि. ल. भावे यांनी ‘अस्सल गाथा’ काढला तो पुढे १९१९-२० च्या सुमारास.

भिजक्या वहीबद्दल दोघांची जी चर्चा होते ती मला या संवादातली सर्वांत आवडती आहे, कारण तिथे दोघेही आपापल्या बाजूविरुद्ध बोलतात. त्या काळची शाई काजळ आणि डिंक यांची. काजळ पाण्याने फिके पडत नाही, पण त्याला कागदाला धरून ठेवणारा डिंक पाण्यात सुटतो. घट्ट बांधलेले बाड पाण्यात राहिले तर आधी कडा आणि वरखालची पाने जातात, मधली पाने एकमेकांना चिकटतात, अक्षरे समोरच्या पानावर उमटतात.

“म्हणजे चमत्काराशिवायही काही पाने वाचू शकतात,” ती म्हणते. “मला हे सोयीचे नाही, पण खरे आहे.”

“आणि पाण्याचे डाग दिसले म्हणून माझेही काही सिद्ध होत नाही,” तो म्हणतो. “मावळातल्या घरात दोनशे पावसाळे काढलेल्या कोणत्या बाडावर पाण्याचा डाग नसतो? डाग भिजल्याचे सांगतो. नदीत की गळक्या आढ्याखाली, ते सांगत नाही.”

ती आणखी एक पाऊल पुढे जाते. “कीर्तनात आपण ऐकतो की वह्या कोरड्या निघाल्या. आणि ज्या वहीची पूजा होते तिचे नावच भिजकी. दोन्ही एकाच वेळी खरे कसे?” वारकऱ्याच्या घरातल्या मुलीने हे विचारावे, यात मला नवल वाटत नाही. परंपरेने दोन्ही जपले, एकाला दुसऱ्याने खोडले नाही. इतिहास लिहिणाऱ्याला अशा विसंगती फार उपयोगी पडतात. सगळी गोष्ट एका माणसाने जुळवली असती, तर असा सांधा त्याने बुजवून टाकला असता.

वर्गात द्यायच्या उत्तरासाठी दोघांना एकत्र टिपण लिहायचे आहे. निषेध झाला, वह्या बुडवल्या गेल्या, तुकोबांनी धरणे धरले, हे दोघेही निश्चित या सदरात घालतात. तेरा दिवस हा आकडा आणि कागद राखले गेल्याची तुकोबांची स्वतःची समजूत, हे बहुधा खरे या सदरात. तरंगणे, गावकऱ्यांचे दृष्टांत, कोरडी पाने ही नंतरची परंपरा. कागद पाण्यातून कसे आले, हे अज्ञात. इथपर्यंत भांडण होत नाही. भांडण होते ते चमत्कार हा शब्द कोणत्या सदरात लिहायचा यावर.

तो म्हणतो, अज्ञातासमोर. तिथेच त्याची जागा आहे. ती म्हणते, “तुकोबांना विचारले असते तर त्यांनी तो कागदांपुढे लिहिलाच नसता. ते कागदांबद्दल माफी मागतात, आणि आनंद मानतात तो भेटीचा. कागद राखायला लावले, हा त्यांना आपला अपराध वाटतो.”

“मग भेटीला पुरावा काय?”

“त्यांचा अभंग. दुसरा असणार कुठून?”

“तर मग मला तो तपासता येत नाही.”

“नाही येत. पण डोहाबद्दल मी तुझे बरेचसे मान्य केले, आणि तरी माझे काही गेले नाही. हे का, ते तुझ्या टिपणात येऊ दे.”

तो ते लिहायला तयार होतो, पण आपला प्रश्न जोडून: कोणता कागद सापडला तर तुझे मत बदलेल? तिचे उत्तर असे, की प्रसंगाच्या आधीची, तारीख असलेली पुरती नक्कल कडूसला किंवा चाकणला निघाली, तर कागद राखल्याचे तुकोबांचे शब्द आपण वेगळ्या अर्थाने वाचू. मग तोच प्रश्न ती त्याला विचारते. तो म्हणतो, रामेश्वरभट्टांचा शिष्य होण्यापूर्वीचा, वह्या निघाल्याच्या बातमीने वैतागलेला एखादा कागद. आरती नको, तक्रार हवी. मंबाजींच्या पत्राचा मजकूर बहिणाबाईमुळे टिकला, तसे वाघोलीच्या एखाद्या दप्तरात काही टिकले असेल का, हे दोघांनाही माहीत नाही.